पहिला खडा कडक, पुढचं मऊ

*वय ३४, दिवसभर कम्प्युटरसमोर बसून काम. तीन-चार दिवसांनी एकदा शौचाला होते, तीही वीस-पंचवीस मिनिटं कुंथून. आधी कडक खडा निघतो, मागचं मात्र मऊ असतं. रक्त कधी पडलं नाही, पण जळजळ होते. रोज चार लिटर पाणी पितो, दोन्ही जेवणांत मोठा वाडगा भरून काकडी-टोमॅटोचं सॅलड खातो, दोन आठवड्यांपासून कोंडाही सुरू केलाय. त्याने पोट फुगलं, बाकी काही नाही. साडेसातला उठतो, आठला घर सोडतो, नाश्ता साडेनऊला ऑफिसात करतो. दहाच्या मीटिंगमध्ये कधीकधी वेग येतो, पण ऑफिसातल्या संडासात जायचं जिवावर येतं. सुट्टीच्या दिवशी बऱ्याचदा आपोआप होते. जुलाबाची सवय लागेल म्हणून गोळ्या घेतलेल्या नाहीत. अजून काय खाऊ?*

अजून काहीच खाऊ नका. आधी थोडं कमी करू. तुमच्या पत्रात दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत आणि त्या तुम्ही जाता जाता लिहिल्यात. एक म्हणजे आधी खडा आणि मग मऊ. दुसरी, सुट्टीच्या दिवशी आपोआप होणं.

लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर पातळ ऐवज येतो. मोठं आतडं त्यातलं बहुतेक सगळं पाणी शोषून घेतं आणि शेवटी शंभर-दोनशे ग्रॅमचा मळ उरतो. चांगल्या, मऊ मळातही तीन-चतुर्थांश पाणीच असतं. हे शोषण काही ठरावीक वेळेला थांबत नाही. मळ जितका वेळ आत राहील तितकं पाणी जात राहतं, आणि मळातलं पाणी जरासं कमी झालं तरी तो हाताला लागण्याइतका घट्ट होतो.

तुमचं सगळं आतडंच मंद असतं तर अख्खा मळ सुटासुटा, लेंड्यांसारखा कडक आला असता. मळाच्या रूपावरून पोटाची चाल ओळखायचा एक सात प्रकारांचा तक्ता डॉक्टर वापरतात, ब्रिस्टल तक्ता नावाचा. त्यात लेंड्या म्हणजे पहिला प्रकार, गाठीगाठींचा ओंडका म्हणजे दुसरा, आणि गुळगुळीत, मऊ, लांबट म्हणजे चौथा. तुमच्याकडे एकाच बैठकीत पुढे दुसरा प्रकार आहे आणि मागे चौथा. म्हणजे मागून येणारा माल नीट आणि वेळेवर येतोय. पुढचा तुकडा तेवढा दाराशी येऊन दोन-तीन दिवस थांबलाय आणि तिथेच वाळलाय. अडचण शेवटच्या वीतभर अंतरातली आहे, आणि ती बहुतांशी दहाच्या मीटिंगमध्ये तयार होतेय.

त्या मीटिंगमध्ये आत काय होतं ते जरा सविस्तर सांगणं भाग आहे, कारण सगळा उपाय त्यावरच उभा आहे. मोठं आतडं दिवसभर बारीकसारीक हालचाल करत असतं, पण मळ पुढे ढकलणाऱ्या मोठ्या लाटा दिवसातून मोजक्याच येतात. झोपेत त्या जवळजवळ बंद असतात. उठल्यावर आणि खाल्ल्यावर येतात, आणि रात्रभराच्या उपासानंतरच्या पहिल्या खाण्यानंतर त्यांचा जोर सर्वांत चांगला असतो. काही जणांना कॉफीनेही लाट येते, अगदी घोट घेतल्यावर थोड्याच मिनिटांत. अशा लाटेने मळ मलाशयात उतरला की तिथली भिंत ताणली जाते, आतला स्नायू आपोआप ढिला पडतो आणि आपल्याला वेग जाणवतो. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या ताब्यात असतो. मीटिंग चालू आहे म्हणून तो आवळून धरला की काही मिनिटांत मलाशयाची भिंत सैल होऊन त्या मळाला सामावून घेते, थोडा मळ वरही सरकतो, आणि वेग विरतो. तुम्हाला वाटतं, गेली वेळ. मळ तिथेच असतो, फक्त त्याची सूचना बंद झालेली असते.

हे रोज झालं की मलाशयाला भरलेलं असण्याची सवय होते आणि सूचना यायला आधीपेक्षा जास्त मळ साठावा लागतो. निरोगी तरुणांना मुद्दाम आठवडाभर वेग दाबायला सांगून एक प्रयोग झालेला आहे. तेवढ्यात त्यांचं शौचाला जाणं कमी झालं आणि मळ पुढे सरकायला वेळही जास्त लागू लागला, अगदी आतड्याच्या वरच्या भागातसुद्धा. त्या तरुणांच्या पोटात आधी काहीही बिघाड नव्हता. सुट्टीच्या दिवशी तुमचं पोट आपोआप चालतं ते याच कारणाने. त्या दिवशी नाश्ता घरी होतो आणि लाट येते तेव्हा संडास दहा पावलांवर असतो.

म्हणून पहिला बदल नाश्त्याच्या जागेत. साताला उठा. उठल्या उठल्या काहीतरी गरम प्या, कॉफी चालत असेल तर कॉफीच घ्या. सव्वासातला नाश्ता, आणि तो खरोखरचा हवा, दोन बिस्किटांचा नको. खाणं जितकं भरीव आणि थोडं स्निग्ध, तितकी आतड्याची प्रतिक्रिया मोठी. सात चाळीसच्या सुमाराला, वेग आलेला असो वा नसो, संडासात जाऊन बसा. मोबाइल बाहेर ठेवून. पाच मिनिटं, फार तर सात-आठ. नाही झालं तर उठून या. पहिला आठवडा बहुतेक काहीच होणार नाही आणि तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. तरी बसा. आतडं वेळ शिकतं, पण त्याला दोन-तीन आठवडे लागतात.

वीस-पंचवीस मिनिटं बसून राहणं मात्र आजपासून बंद. कमोडवर बसल्यावर गुदद्वाराला खालून आधार नसतो, तिथल्या शिरांत रक्त साठत राहतं, आणि वर कुंथणं असलं की मूळव्याधीला आमंत्रणच. मोबाइल घेऊन बसणाऱ्यांत मूळव्याध जास्त दिसते असं अलीकडच्या एका अभ्यासातही आढळलंय. त्यात दोष मोबाइलचा कमी, लांबणाऱ्या बैठकीचा जास्त.

बसण्याची ढबही सुधारू. मलाशय आणि गुदमार्ग यांच्यामध्ये एका स्नायूचा पट्टा मागून वेढा घालून पुढे ओढलेला असतो, त्याने तिथे एक कोन तयार होतो. हा कोनच आपल्याला दिवसभर मळ धरून ठेवायला मदत करतो. उकिडवं बसलं की पट्टा सैल होऊन मार्ग सरळ होतो. कमोडवर तसं बसायचं तर पायांखाली पंधरा-वीस सेंटिमीटर उंचीचं स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. पुढे झुकून कोपरं गुडघ्यांवर टेका. श्वास कोंडून जोर लावू नका. तोंड किंचित उघडं ठेवून हळू श्वास सोडा आणि पोट पुढे व बाजूंना फुगू द्या, कमरेचा घेर वाढवल्यासारखं. श्वास कोंडून लावलेल्या जोराने पुष्कळांचा बाहेरचा स्नायू उलट आवळला जातो. मग तो जोर म्हणजे आतून कडी लावलेलं दार बाहेरून ढकलणं.

एवढं करूनही दहाला वेग आलाच तर? तर उठून जायचं. हे लिहायला सोपं आहे याची कल्पना आहे. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण आवाजाच्या आणि वासाच्या संकोचाने ऑफिसात जात नाहीत, फक्त कारण म्हणून स्वच्छता सांगतात. दुसऱ्या मजल्यावरचा, तुमच्या टीमचे लोक नसलेला संडास शोधा. आवाजाचा संकोच असेल तर पाण्यात आधी थोडा टिश्यू टाका. आणि दहाची मीटिंग सव्वादहाला नेता येते का ते विचारून बघा, कारण द्यायची गरज नसते. एखाद्या दिवशी घरी नाश्ता झालाच नाही तर ऑफिसातला नाश्ता नऊला उरका, म्हणजे लाट मीटिंगच्या आधी येऊन जाईल.

आता कोंड्याकडे. तुमचं पोट का फुगलं ते वरच्या हिशेबातून कळेल. दाराशी खडा बसलेला असताना तुम्ही मागून आणखी भर घातलीत. चोथ्याने मळ वाढला, आतड्यातल्या जिवाणूंनी त्यातला काही भाग आंबवून वायू केला, आणि दोघांनाही बाहेर पडायला वाट नव्हती. म्हणून क्रम उलटा करायचा: आधी वाट मोकळी, मग चोथा.

वाट मोकळी करायला मॅक्रोगॉल नावाची पावडर असते, पॉलिथिलीन ग्लायकॉल याच नावानेही मिळते. रोज एकदा १७ ग्रॅम, मोठा पेलाभर पाण्यात विरघळवून. ती स्वतः रक्तात जवळजवळ शोषली जात नाही, आपल्याबरोबरचं पाणी आतड्यात धरून ठेवते, त्यामुळे मळ मऊ राहतो. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, पहिल्याच सकाळी चमत्काराची वाट बघू नका. चार-पाच दिवस घ्या. खडा अगदी टोकाशी अडकल्यासारखा वाटत असेल तर ग्लिसरीनची एक बत्ती गुदद्वारातून सरकवली की पंधरा मिनिटं ते तासाभरात काम होतं. या दिवसांत कोंडा पूर्ण बंद. इतर काही आजार असेल किंवा नियमित औषधं चालू असतील तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

सवय लागण्याच्या भीतीबद्दल एवढंच सांगतो की मॅक्रोगॉल लोक डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन् महिने घेतात आणि त्याने आतडं आळशी होत नाही. जी भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय ती आतड्याला चिमटा काढणाऱ्या औषधांची, म्हणजे सोनामुखी, बिसाकोडिल यांची. त्यांचंही नुकसान सांगितलं जातं तितकं सिद्ध झालेलं नाही, पण रोजच्या रोज स्वतःच्या मनाने घ्यायची ती औषधं नव्हेत. तुमच्या पत्रातून मला जे दिसतं ते असं की औषधाची सवय टाळता टाळता तुम्ही खड्याची सवय लावून घेतलीत.

वाट मोकळी झाली की चोथा सुरू करू, पण दुसरा. चोथा सगळा सारखाच असं समजून लोक फसतात. काकडी-टोमॅटोचं सॅलड घ्या: दोनशे ग्रॅमच्या वाडग्यात चोथा असतो दोन ग्रॅमच्या आसपास, बाकी जवळजवळ पाणीच. दोन वाडगे म्हणजे चार ग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम लागतो. वाडगा मोठा दिसतो म्हणून चोथा भरपूर गेला असं वाटतं. सॅलड वाईट नाही, पण ते या कामाचं नाही. शंभर ग्रॅम शिजवलेल्या छोल्यांत सात-आठ ग्रॅम चोथा असतो, एका मध्यम नाशपातीत पाच, सालीसकट सफरचंदात चार, चाळीस ग्रॅम ओट्समध्ये चार. एवढ्या चार गोष्टी दिवसभरात वाटून घेतल्या तरी वीसच्या वर गेलात, आणि उरलेलं रोजच्या धान्या-भाज्यांतून येतं.

गव्हाच्या कोंड्याचं गणित वेगळं. जाडसर कोंडा आतड्याच्या अस्तराला घासून जातो, अस्तर त्यावर पाणी आणि बुळबुळीत स्राव सोडतं, म्हणून तो काम करतो. तोच कोंडा पिठासारखा बारीक दळला तर घासणं उरत नाही, नुसती भर उरते आणि मळ घट्टही होऊ शकतो. इसबगोल तिसऱ्याच प्रकारे चालतो. तो पाणी पिऊन जेली बनतो, जिवाणू त्याला फारसं आंबवू शकत नाहीत, म्हणून वायू कमी, आणि ती जेली पाणी सोडून न देता शेवटपर्यंत पोचते. तुमची अडचण शेवटच्या टप्प्यात वाळण्याची आहे, त्यामुळे मला तुमच्यासाठी तोच बरा वाटतो.

पहिला आठवडा दिवसाला एक चमचा, म्हणजे साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम, एका मोठ्या पेल्यातल्या पाण्यात. ढवळल्या ढवळल्या प्यायचा. पेला बाजूला ठेवून एखादा ईमेल वाचलात की त्याची लापशी होते आणि मग तो घशाखाली उतरत नाही. त्यावर आणखी अर्धा पेला पाणी. दुसऱ्या आठवड्यापासून दोन चमचे, सोसलं तर पुढे दहा ग्रॅमच्या आसपास. निकाल चार आठवड्यांनी लावायचा, चार दिवसांनी नाही. झोपायला आडवं होण्याच्या अगदी आधी घेऊ नका, कोरडा तोंडात टाकू नका, आणि गिळायला त्रास होणाऱ्याने तो घेऊच नये, कारण अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर जेली त्या गोळ्याही धरून ठेवते. थायरॉइडच्या गोळीच्या बाबतीत हे विशेष पाळावं. वायू वाढला तर मागच्या मात्रेवर या आणि आठवडाभर तिथेच थांबा.

पाण्याचं ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण चार लिटरांतलं बरंचसं तुम्ही लघवीवाटे सोडून देताय. प्यायलेलं पाणी आणि पाचकरस मिळून लहान आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव उतरतो, आणि तो शोषून घेण्यात आतडं इतकं तरबेज आहे की वरून ओतलेला आणखी एक लिटर मळापर्यंत पोचतच नाही. तो रक्तात जातो, तिथून मूत्रपिंडात. जो मुळात कमी पाणी पितो, ज्याची लघवी दिवसभर गडद पिवळी असते, त्याचं पाणी वाढवलं तर फरक पडतो. आणि चोथा वाढवला की त्याच्या जोडीला पुरेसं पाणी असेल तर चोथ्याचा गुण जास्त दिसतो, हेही पाहिलं गेलंय. तुम्ही दोन ते अडीच लिटरवर या, लघवी फिकट पिवळी राहिली की झालं. त्या बाटल्या रिकाम्या करण्यात आणि त्यापायी उठण्यात जाणारा वेळ दहाच्या मीटिंगआधीच्या पाच मिनिटांना द्या.

बसून काम करण्याने आतडं मंदावतं का, असा प्रश्न येतोच. चालण्याने थोडी मदत होते, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालावं. पण बैठ्या कामाचा मोठा तोटा मला स्नायूंपेक्षा वेळापत्रकात दिसतो, कारण खुर्चीवरचा माणूस वेग आला तरी उठत नाही.

एक नियम कायमचा लक्षात ठेवा. सलग दोन दिवस झाली नाही आणि तिसऱ्या दिवशीही चिन्ह नसेल, तर त्या रात्री मॅक्रोगॉलचा एक डोस घ्या. चौथ्या दिवसाची वाट बघायची नाही. प्रत्येक खडा निघताना कातडीला चीर पाडायचा धोका असतो. चीर पडली की शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखतं, त्या दुखण्याच्या धास्तीने माणूस पुढचा वेग दाबतो, आणि पुढचा खडा आणखी मोठा होतो. तुमची जळजळ ही त्याची सुरुवात असू शकते. बसायला कोमट पाण्याचं टब घेतलंत, दिवसातून दोनदा दहा मिनिटं, तर आवळलेला स्नायू सैल पडतो.

औषधांच्या कपाटावरूनही एक नजर फिरवा. लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, यातलं काहीही मळ घट्ट करू शकतं. त्रास आणि एखादी गोळी एकाच महिन्यात सुरू झाली असतील तर ते डॉक्टरांना सांगा. गोळी परस्पर बंद करू नका. थकवा, थंडी सहन न होणं, वजन वाढणं यांची जोड असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी.

मळात किंवा कागदावर रक्त दिसलं, कारण नसताना वजन उतरलं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं, किंवा घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर यातलं घरगुती काही करत बसण्याआधी तपासून घ्या. पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच पोटाची चाल बदललेल्या वाचकांनीही हेच करावं. आणि पोट फुगून दुखतंय, उलट्या होताहेत, वायूही सरत नाही, असं झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. त्या अवस्थेत जुलाबाचं कुठलंही औषध किंवा इसबगोल घ्यायचा नाही.

सहा आठवड्यांनी तुमच्याकडे दोन उत्तरं असतील: मळ मऊ झाला का, आणि कुंथणं गेलं का. दोन्हीला होय असेल तर मॅक्रोगॉल फक्त तिसऱ्या दिवसाच्या नियमापुरतं ठेवा आणि इसबगोल चालू द्या. मळ अजून कडकच असेल तर इसबगोलाची मात्रा आणि तुमचं वेळापत्रक पुन्हा तपासू, मला लिहा. पण मळ मऊ होऊनही कुंथावं लागत असेल, अर्धं आत राहिल्यासारखं वाटत असेल, बोटाने दाबून काढावं लागत असेल, तर आणखी चोथा किंवा पाणी वाढवून उपयोग नाही. तेव्हा बाहेरचा स्नायू सैल होण्याऐवजी आवळतोय अशी शक्यता जास्त. पोटाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जा. ते बोटाने तपासताना तुम्हाला जोर लावायला सांगतील, बऱ्याचदा तेवढ्यातच अंदाज येतो. लागलं तर गुदमार्गाचा दाब मोजण्याची आणि पाणी भरलेला छोटा फुगा बाहेर टाकता येतो का ते पाहण्याची तपासणी होते. यावरचा उपचार बायोफीडबॅकचा असतो. स्नायू कधी आवळतोय आणि कधी सुटतोय हे पडद्यावर बघत, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून तो सैल सोडायला शिकायचं असतं, आणि त्याला काही बैठका लागतात.